बापूला काय लिहू?

नमस्कार ताई,
मी औसा तालुक्यातली, वय 27, सध्या पुण्यात नोकरीला. माझ्या चुलतभावाने, घरात आम्ही त्याला बापू म्हणतो, यंदा, 2025 ला, मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा काढली. गेल्या वर्षी 585 मार्क पडूनही सरकारी कॉलेजला नंबर लागला नाही, फेल झाला आणि लातूरला रिपीटर बॅचला बसला. यंदा 532 आहेत, ओपनमधून नंबर लागेल असं क्लासवाले म्हणतात. काकांनी ग्रुपवर विचारलंही, मार्क कमी कसे झाले? गेल्या वर्षी निकालाच्या वेळी काय बोलावं सुचेना म्हणून मी फोनच केला नाही. आठ दिवसांनी ‘होतं असं, टेन्शन नको घेऊ’ एवढा मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात भेटला, पण ‘अक्का, उद्या टेस्ट हाय’ म्हणून दोन तासांत निघाला. आता ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतोय. त्याच ग्रुपवर माझी आतेबहीण आहे, तिचं यंदा झालं नाही. मला छोटाच पण मनापासून मेसेज पाठवायचाय. गेल्या वर्षीचा विषय काढू की नको? कच्चा मजकूर असा आहे: ‘प्रिय बापू, अपयश ही यशाची पहिली पायरी असते हे तू सिद्ध केलंस. खचून न जाता जिद्दीने लढलास. मला माहीतच होतं तू करणार! काका-काकूंच्या कष्टाचं चीज केलंस. हार्दिक अभिनंदन, डॉक्टरसाहेब!’ बरोबर आहे का?
– बापूची अक्का

अक्का,

तुझ्या मजकुरात माया आहे, ती पहिल्या ओळीपासून दिसते. पण नीट काढलेल्या कुठल्याही मुलाला तो जसाच्या तसा पाठवता येईल. आणि त्यातलं काही बापूच्या बाबतीत खरं नाही, म्हणून आधी तेवढं पाहू.

‘फेल’ हा शब्द आधी बाजूला ठेव. 2024 साली खुल्या प्रवर्गाला नीटमध्ये पात्र ठरायला 720 पैकी 162 मार्क लागत होते. बापूचे होते 585. म्हणजे परीक्षा तो गेल्या वर्षीच पास झाला होता. आपल्या राज्यात खुल्या प्रवर्गातून सरकारी एमबीबीएसची जागा त्या वर्षी सहाशेच्या बऱ्याच वर गेली, आणि रांग त्याच्यापर्यंत यायच्या आत जागा संपल्या. घरात आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो, ‘झालं नाही’. पण ज्याने 585 मिळवले त्याला फरक पुरता ठाऊक असतो. त्याला तुझ्या मेसेजमध्ये ‘अपयश’ दिसलं, तर अक्कालाही कळलं नव्हतं मला काय झालं होतं, एवढंच त्याच्या मनात येईल.

आता काकांचा प्रश्न. तो तुझ्याही मनात थोडा आहे असं वाटलं. दोन वर्षांचे मार्क एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण पेपर वेगळे होते. 2024 मध्ये सुधारित निकालानंतरही 17 मुलांना 720 पैकी 720 होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 आहेत. पात्रतेची रेषासुद्धा 162 वरून 144 वर आली. म्हणजे सगळी शिडीच खाली सरकली आणि बापू तिच्यावर मात्र वर चढला. मार्क 53 ने कमी आणि रँक पुढे, असं यंदा होऊ शकतं, त्याच्या बाबतीत तेच झालंय. अभिनंदन करताना मार्कांचा आकडा लिहू नकोस, ‘किती वाढले’ हे तर विचारूच नकोस. आणि ग्रुपवर काकांना हे दोन ओळींत तूच समजावून सांग. बापूला ते स्वतः सांगावं लागलं, तर सफाई दिल्यासारखं होईल.

आणखी एक गोष्ट घरातल्या फार जणांच्या लक्षात आली नसेल. या परीक्षेचा नमुनाच मधे बदलला. 2024 पर्यंत पेपरात 200 प्रश्न असायचे, त्यातले 180 सोडवायचे आणि वेळ मिळायचा 3 तास 20 मिनिटं. प्रत्येक विषयाच्या दुसऱ्या भागात 15 पैकी कुठलेही 10 निवडायची मुभा होती. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालं की आता 180 च प्रश्न, सगळे सक्तीचे, आणि वेळ 180 मिनिटं. परीक्षा होती 4 मे ला. ज्या मुलाचा हात अवघड प्रश्न सोडून पुढे जायला बसला होता, त्याला शेवटच्या तीन महिन्यांत ती सवय मोडावी लागली. ‘जिद्दीने लढलास’ या शब्दांत यातलं काहीच येत नाही. तू मेसेजमध्ये हे लिहावंस असं मी म्हणत नाही. पण कशाचं अभिनंदन करतो आहोत ते माहीत असलं, की शब्द आपोआप नेमके होतात.

आता गेल्या वर्षीचा तुझा तो मेसेज. तू त्याचं ओझं वर्षभर वाहते आहेस, म्हणून जरा तारखा बघू. 2024 चा निकाल 4 जूनला लागला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी. सगळं गाव टीव्हीसमोर होतं आणि ही मुलं कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली होती. मग पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. परीक्षा पुन्हा होणार का, रँक बदलणार का, हे 23 जुलैपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. सुधारित निकाल आला 26 जुलैला. तू जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ‘होतं असं’ लिहिलंस, तेव्हा नेमकं काय झालंय हे बापूलाच कळलं नव्हतं. त्याच्या हिशोबात अजून काही संपलेलं नव्हतं. उत्तर न यायला हे एवढं कारण पुरेसं आहे. दुसरंही एक असू शकतं. रिपीटरला बसताना बरीच मुलं स्मार्टफोन घरी ठेवून साधा बटणाचा फोन घेतात. लातुरात आमच्या वरच्या दोन खोल्यांत कित्येक वर्षं अशी मुलं राहत आली आहेत आणि त्यांच्यापैकी निम्म्यांकडे तरी मी तोच फोन पाहिला. तुझा मेसेज कदाचित त्याने महिनोन् महिने पाहिलाही नसेल. तो रागावलाय, असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही.

म्हणून माफी या मेसेजमध्ये नको. मी यावर बराच विचार केला, कारण मागितलेली माफी सहसा वाया जात नाही. पण अभिनंदनात माफी आली की त्याला लगेच ‘अगं अक्का, तसं काही नाही’ असं लिहून तुझी समजूत काढावी लागते. त्याच्या आनंदाच्या दिवशी हे काम त्याला कशाला? गावी भेटाल तेव्हा सांग, ‘गेल्या वर्षी मला फोन करायचा धीर झाला नाही.’ समोरासमोर हे एक वाक्य पुरतं.

गेल्या वर्षाचा विषय मात्र टाळायचा नाही. टाळलंस तर त्याच्या आयुष्यातलं एक अख्खं वर्ष कुणी पाहिलंच नाही असं होईल. फरक एवढाच, की त्या वर्षाला नाव द्यायचं नाही. ना अपयश, ना पायरी, ना धडा. त्या वर्षातलं तुला स्वतःला दिसलेलं एक काहीतरी सांगायचं.

तुझ्या बाकीच्या ओळी या नजरेने बघ. ‘खचून न जाता’ असं तू लिहिलंस. तो खचला नसेल हे आपल्याला कसं माहीत? वरच्या खोल्यांतली मुलं मी जुलैत पाहिली आहेत. मेसचा डबा न उघडता परत जातो, दुपारभर पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं. ऑक्टोबरात बरोबरीच्या मित्रांचं कॉलेज सुरू झालं, त्यांचे पांढऱ्या ॲप्रनमधले फोटो स्टेटसवर आले, तो आठवडा जूनपेक्षाही वाईट गेला. बहुतेक सगळी मुलं खचतात आणि खचलेली असतानाच सकाळी सहाला उठून बसतात. ‘तू खचला नाहीस’ म्हटलं की त्याने एकट्याने सोसलेला तो भाग पुसला जातो. ही ओळ काढ.

‘मला माहीतच होतं तू करणार.’ हे आपण सगळेच लिहितो, प्रेमानेच लिहितो. पण कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं. होईल की नाही याची खात्री नसताना त्याने आणखी एक वर्ष द्यायचं ठरवलं, त्याचं मोल त्यातच आहे. आधीपासून सगळं ठरलेलंच होतं असं म्हटलं, तर त्याने पत्करलेली जोखीम कुठे राहते?

‘काका-काकूंच्या कष्टाचं चीज केलंस’ ही ओळ खरी आहे, सुंदर आहे, पण पत्ता चुकलाय. रिपीटर वर्षाची फी, खोली, मेस, हा खर्च या मुलांच्या डोक्यावर वर्षभर असतो. कापसाला भाव काय लागला, सोयाबीन पावसात भिजलं का, हे घरून फोन आला की ती आधी विचारतात, आणि का विचारतात ते आपल्याला कळतं. निकाल लागला की निदान चार दिवस तरी ते ओझं उतरू द्यावं. चीज झाल्याचं काकूंना सांग, त्यांना ते ऐकायचंय.

राहिलं ‘डॉक्टरसाहेब’. निकाल आणि प्रवेश यांच्यामध्ये अजून वाट आहे. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा देशपातळीच्या कोट्यातून भरतात आणि 85 टक्के राज्याच्या. राज्याच्या जागांसाठी सीईटी सेलकडे नोंदणी करायची, कागदपत्रं तपासून घ्यायची, गुणवत्ता यादी लागली की कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, मग पहिल्या फेरीत कॉलेज मिळतं. यात काही आठवडे सहज जातात. गेल्या वर्षी ज्याची जागा थोडक्यात गेली, तो हे आठवडे श्वास रोखूनच काढणार आहे. आत्ता त्याला डॉक्टर म्हटलं, तर तो आतून दचकेल. हाक राखून ठेव. अंबाजोगाई, नांदेड, लातूर, संभाजीनगर, जिथलं कॉलेज यादीत दिसेल त्या दिवशी दुसरा मेसेज पाठव आणि त्यात हवं तेवढं डॉक्टर म्हण. ‘कुठं मिळतंय?’ हा प्रश्न मधल्या दिवसांत विचारू नकोस. ते कळायच्या आधी त्यालाही माहीत नसतं.

मग ठेवायचं काय? ते तुझ्याच पत्रात आहे आणि तू ते मजकुरात घेतलंच नाहीस. येळवस.

औशाकडच्या पोराने येळवशीच्या दिवशी शेतातून दोन तासांत उठायचं म्हणजे काय, हे इतरांना सांगूनही कळायचं नाही. कडब्याची कोप, आंबिलाचं मडकं, भज्जी, पंगत, दिवस कलेपर्यंत झाडाखाली पडून राहणं. वर्षातून एकदाच येणारा हा दिवस सोडून तो उद्याच्या टेस्टसाठी लातूरच्या गाडीला गेला. ते तू डोळ्यांनी पाहिलंस आणि त्याचे शब्द तुला अजून जसेच्या तसे पाठ आहेत. ग्रुपवरच्या बाकीच्यांकडे कदाचित हे नाहीच.

काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या खोलीतल्या एका मुलाचा निकाल लागला, तेव्हा तो जिन्यात बसून एकामागून एक मेसेज सरकवत होता. एकाच मेसेजवर थांबला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. मामाने लिहिलं होतं, ‘स्टँडवर तुझी पेटी मीच उचलली होती. लई जड होती. अभिनंदन पोरा.’ तेवढ्याच मेसेजला त्याने त्या दिवशी उत्तर दिलं.

माझ्या हाताने लिहायचं तर मी असं लिहीन:

‘बापू, मनापासून अभिनंदन! निकाल कळला आणि मला आधी येळवस आठवली. भज्जी अर्धी ठेवून “अक्का, उद्या टेस्ट हाय” म्हणत तू उठलास, ते. हे वर्ष तू स्वतः ठरवून दिलंस आणि निभावलंस. लई भारी वाटतंय. उत्तराची घाई करू नकोस, झोप काढ. गावी आले की भेटू. – अक्का’

भज्जी त्याने अर्धी ठेवली की पुरी खाल्ली, हे मला ठाऊक नाही, ते मी अंदाजाने घातलंय. तू तिथे होतीस. पाठवण्याआधी आठवून बघ, तो काय घेऊन उठला, कुणाच्या गाडीवर बसून गेला, आणि जे खरं असेल तेच ठेव. तपशील खोटा निघाला तर त्याला लगेच कळेल आणि बाकीचा मेसेजही पोकळ वाटेल. ‘लई भारी’ तुमच्या बोलण्यात येत असेल तरच राहू दे. पुण्यात राहून भाषा बदलली असली, तरी बापूला तू गावच्या बोलीतच हवी आहेस.

‘उत्तराची घाई करू नकोस’ हे वाक्य मात्र काढू नकोस. निकालाच्या आठवड्यात या मुलांना शेकडो मेसेज येतात आणि प्रत्येकाला ‘थँक्यू काका’ लिहीत बसावं लागतं. मागच्या वर्षी त्याचं उत्तर आलं नाही हे तू मनाला लावून घेतलंस, म्हणून तुझ्यासाठीही ते वाक्य बरं आहे. यंदाही दोन दिवस उत्तर आलं नाही, तर त्यात काही शोधत बसू नकोस.

मेसेज थेट त्याला पाठव, ग्रुपवर टाकू नकोस. येळवशीची आठवण तुमच्या दोघांची आहे. आणि ग्रुपवर तुझी आतेबहीणही आहे. तिथे ‘बापू, खूप खूप अभिनंदन!’ एवढंच लिही. काहीच लिहिलं नाहीस तर काकूंना खटकेल, आणि त्याहून जास्त लिहिलंस तर प्रत्येक शब्द त्या मुलीला टोचेल. ‘बापूकडून शिक’ असं कुणी लिहिलं तर त्यावर अंगठाही उठवू नकोस. तिला मात्र वेगळा फोन कर, मेसेज नको. गेल्या वर्षी बापूला जो फोन करायचा राहिला, तोच समज. समजूत काढायला जाऊ नकोस. ‘काय ठरवतेस?’ असंही लगेच विचारू नकोस. जेवलीस का विचार, आणि ती बोलली तर ऐक. गप्प राहिली तर दोन मिनिटं तूही गप्प राहा आणि ‘परवा परत करते’ म्हणून ठेव. परवा मात्र कर.

अशी पत्रं या दिवसांत मला आणखीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ज्याच्याशी वर्षभर बोलणंच झालं नाही, डोळ्यांनी काही पाहिलंही नाही, त्याने उसना तपशील आणू नये. ‘बातमी कळली, फार आनंद झाला, अभिनंदन’ एवढ्या ओळी प्रामाणिक आहेत आणि पुरेशाही. ज्याच्या भावंडाला पहिल्या वेळी पात्रतेपुरतेही मार्क पडले नव्हते, त्यानेही ते मेसेजमध्ये आणू नये. तिथे तुमच्या दोघांतलं नातं बघा. तो स्वतः हसून ‘गेल्या साली माझे दीडशेही नव्हते’ म्हणत असेल, तर तुम्ही त्याच्यासोबत हसा. सुरुवात त्याने करायची, आपण नाही. आणि ज्यांचा स्वतःचा मुलगा याच यादीतून राहिलाय, त्या मावशी-आत्यांना मी एवढंच सांगेन की एका ओळीवर थांबलात तरी चालेल. दुसऱ्याच्या लेकराला लांबलचक लिहिण्याइतकं मन मोकळं नसताना लिहिलेलं त्या लेकराला बरोबर ओळखू येतं.

अक्का, काकूंना फोन मात्र आजच कर. संध्याकाळी सातच्या आत कर, नंतर त्या भाकरीला बसतील. बापू लातूरला असताना डबा कोण नेऊन देत होतं, ते विचार. मग फोन कानाला लावून बस, त्या सांगत राहतील.